छूट नावाचा रकाना

नगरपालिकेचा ढोल मंडलोई मॅडमच्या फाटकासमोर वाजायला लागला, तेव्हा त्या करंजाच्या रोपांना पाणी घालत होत्या. आवाज ऐकून त्यांना वाटलं, समोरच्या गल्लीत कोणाची वरात निघाली असेल. पण मे महिन्याच्या उन्हात सकाळी साडेदहाला वरात निघत नाही. त्यांनी झारी खाली ठेवली आणि बाहेर आल्या.

बाहेर ढोलवाला बाबू, नगरपालिकेचा एक शिपाई आणि रिक्षावर बांधलेला भोंगा. भोंग्यातून आधीच भरून ठेवलेला आवाज येत होता. "नाहरखेडा नगरपालिकेचे मोठे बकायादार श्रीमती पुष्पलता मंडलोई यांनी बकाया रक्कम त्वरित भरावी." नाव तेवढं वेगळ्या आवाजात होतं, मध्येच चिकटवल्यासारखं.

"बाबू, घर चुकलं का रे?" मॅडमनी विचारलं.

"घर बरोबर आहे, मॅडम." बाबूने ढोल थांबवला नाही, फक्त हळू केला. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता, पण त्याची मुलगी होती. "यादीत तुमचं नाव तिसरं आहे. प्रत्येक घरी पंधरा मिनिटं वाजवायचं. आत्ताशी नऊ मिनिटं झालीत."

"मग सावलीत उभा राहून वाजव. पाणी पिणार?"

"प्यायलो असतो. पण बकायादाराकडचं पाणी प्यायचं नाही, असं सांगितलंय."

शिपायाने नोटीस हातात दिली. मालमत्ताकर आणि पाणीपट्टी मिळून थकबाकी, अधिभारासह, चोपन्न हजार सातशे सत्तेचाळीस रुपये. सात दिवसांत भरली नाही तर नळ कापण्यात येईल.

मंडलोई मॅडम सरकारी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या जागेत रोपवाटिका काढली, आणि काढल्याबरोबर स्वतः नगरपालिकेत जाऊन आपला नळ घरगुतीचा व्यावसायिक करून घेतला, म्हणजे दुप्पट दराचा. असा अर्ज त्या कचेरीत त्याआधी कोणी केला नव्हता. त्यासाठी फॉर्मच नव्हता. या वर्षी पावसाळी वृक्षारोपणासाठी दीड हजार रोपांची मागणी त्यांच्याकडे आली होती, कडुनिंब, करंज आणि शिसव. मागणी नगरपालिकेची होती. रोपं वीतभर झाली होती आणि या उन्हात दोन वेळा पाणी चुकलं तर तिसरी वेळ यायची गरज राहिली नसती.

नोटीस वाचून त्या घाबरल्या नाहीत. आकडा चूक असणार हे त्यांना माहीत होतं. फक्त तो इतका नेमका कसा, याचं त्यांना कुतूहल वाटलं. चूक सहसा गोल असते.

*

आधी हे सांगायला हवं, की आमच्या नगरपालिकेत करांच्या जुन्या वह्या राहिलेल्या नाहीत. त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत होत्या आणि त्या खोलीच्या डोक्यावर इमारतीची पाण्याची टाकी होती. टाकी गळते, असं वसुली विभागाने पाणी विभागाला लिहून कळवलं. पाणी विभागाने उत्तर दिलं, की वसुली विभागाच्या खोलीची पाणीपट्टी जमा असल्याचं दिसत नाही. पत्रव्यवहार चालू असतानाच एका पावसाळ्यात टाकी खाली आली. कोणाकडून किती येणं आहे, हे ज्या वह्यांत होतं त्यांचा लगदा झाला.

मग नवी पद्धत आली. एका कंपनीला कंत्राट दिलं. नागरिकांनी आपापल्या जुन्या पावत्या शिबिरात आणाव्यात, यंत्र त्या वाचेल आणि प्रत्येक पावतीतून चार गोष्टी उचलेल. कोणत्या वर्षाचा कर, मागची थकबाकी किती, सूट किती, भरले किती. या चार आकड्यांवरून खातं नव्याने उभं राहील.

शिबिरात मंडलोई मॅडम पहिल्या दिवशी गेल्या. त्यांच्याकडे अकरा वर्षांच्या सगळ्या पावत्या होत्या, घराच्या निळ्या फायलीत आणि पाण्याच्या हिरव्या. ज्यांच्याकडे थोड्या पावत्या होत्या ते थोड्या घेऊन आले. ज्यांनी कधी काही भरलंच नव्हतं त्यांच्याकडे पावती असण्याचं कारण नव्हतं. ते आले नाहीत.

*

वसुली विभागात नेमाजी बसतात. टेबलावर काच, काचेखाली देव, देवांच्या शेजारी सुट्ट्यांची यादी. मॅडमनी दोन्ही फायली काचेवर ठेवल्या.

"नेमाजी, यातली कोणती पावती कमी आहे ते सांगा."

नेमाजींनी वरची पावती उचलली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचली. "अवधी दोन हजार अठरा-एकोणीस. मागणी चार हजार आठशे. बकाया निरंक. छूट पंचवीसशे चव्वेचाळीस. जमा बावीसशे छप्पन्न. तारीख नऊ एप्रिल." त्यांनी पावती उलटी करून पाहिली. "सही माझीच आहे."

"मग थकबाकी कुठून आली?"

"पावतीवर नाहीये."

"नोटिशीवर आहे."

"नोटीस कॉम्प्युटरने काढलीय, मॅडम. पावती मी काढलीय. आता मोठा कोण, तुम्हीच सांगा."

"दोघांपैकी बरोबर कोण?"

"तो प्रश्न वेगळा." नेमाजींनी शेजारच्या पुडीतली कचोरी त्यांच्यासमोर सरकवली. ही त्यांची सहानुभूती होती. "एक करा. आता विशेष शिबिर चालू आहे. बकाया एकरकमी भरला तर दहा टक्के छूट. भरून टाका, पावती घ्या, माझ्याकडे आणा, मी यंत्राला वाचायला देतो."

"मी भरलेलं परत भरू?"

"बरं, मग दुसरा रस्ता." त्यांनी आवाज खाली आणला. "एक अर्ज द्या. माझ्याकडे कुठलीही पावती उपलब्ध नाही, जमा केलेल्या पावत्या परत घेत आहे. पावत्या खात्यातून निघाल्या की खातं कोरं. कोऱ्या खात्यावर बकाया निरंक. निम्म्या गावाचं तसंच आहे."

"म्हणजे मी कधीच कर भरला नाही असं लिहून दिलं, की मी कर भरलेली ठरेन."

"तुम्ही सायन्सवाले फार खोलात जाता."

"आणि ही अकरा वर्षं?"

"ती तुमच्याजवळच राहतील की, फायलीत. कोण काढून घेतंय?"

मॅडमनी फायली उचलल्या. "यंत्र कुठे बसतं?"

*

यंत्र जिन्याखालच्या खोलीत बसतं. तिथे रोशनी भावसार नावाची कंत्राटी ऑपरेटर दिवसभर पडद्यासमोर असते. पावतीचं चित्र डावीकडे येतं. यंत्र त्यावरच्या आकड्यांभोवती निळ्या चौकटी काढतं आणि ते आकडे उजवीकडच्या चार रकान्यांत नेऊन ठेवतं. रोशनीने दोन्हीकडचा आकडा सारखा आहे का, एवढंच पाहायचं आणि हिरवं बटण दाबायचं. सारखा नसेल तर लाल. पावतीमागे दोन रुपये मिळतात.

"या ना, मॅडम. बसा. खुर्ची एकच आहे, मी उभी राहते," रोशनी म्हणाली.

"तू बस. माझी अठराची पावती दाखव."

पावती पडद्यावर आली. मॅडमनी ती वाचली आणि मग उजवीकडे पाहिलं. पहिला रकाना अवधी, त्यात २०१८-१९. दुसरा बकाया, त्यात शून्य. निरंक हा शब्दसुद्धा यंत्राला बरोबर समजला होता. चौथा जमा राशी, त्यात २,२५६. तिसऱ्या रकान्यात २,५४४ हा आकडा होता. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'छूटी राशि'.

मॅडमनी ते दोन शब्द परत वाचले.

कचेरीच्या हिंदीत छूट म्हणजे सूट. स्वतः राहता म्हणून घराच्या करात निम्मी सूट, जूनच्या आत भरला म्हणून उरलेल्यावर सहा टक्के, आणि पाण्याचे अकरा महिने आगाऊ भरले की बारावा माफ. छूटी म्हणजे मात्र सुटून गेलेली, भरायची राहिलेली. एका वेलांटीने नगरपालिकेने दिलेला पैसा नगरपालिकेचं येणं झाला होता.

त्यांनी मनात गुणाकार केला. घराचे पंचवीसशे चव्वेचाळीस, पाण्याचे तीनशे, गुणिले अकरा. त्यावर दर वर्षाचा पंधरा टक्के अधिभार, जितकं जुनं तितका जास्त. चोपन्न हजार सातशे सत्तेचाळीस. नेमकेपणाचं कोडं सुटलं. आकड्यात चूक नव्हतीच.

"हे शीर्षक कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"कंपनीने. आधी सगळं इंग्रजीत होतं. मग हिंदी पाहिजे म्हणून पत्र गेलं, तेव्हा त्यांनी ते भाषांतराच्या यंत्रातून फिरवून आणलं. बहुतेक छूट तिकडे गेली आणि वाटेत काहीतरी होऊन परत आली."

"तुझ्या लक्षात आलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात." रोशनीने हिरवं बटण दाबलं, पुढची पावती आली. "मी कळवलं. तिकडून उत्तर आलं, की ऑपरेटरने फक्त आकडे जुळवावेत, शीर्षकाबद्दल मत देऊ नये. माझ्याकडे मत द्यायला रकानाही नाही, मॅडम. एक हिरवं, एक लाल."

"मग लाल दाब."

"आकडा जुळत असताना लाल दाबलं तर चूक माझी धरतात. पावतीमागे दोन रुपये कापतात." तिने पुढचं हिरवं दाबलं. "माझ्या काकांना पण नोटीस आलीय. ते दर वर्षी पहिल्या आठवड्यात भरतात. त्यांच्या दारात ढोल वाजला, तर काकी म्हणाली, बघा, एवढी घाई केलीत म्हणून."

*

मुख्याधिकारी साहेबांनी मॅडमना लगेच आत घेतलं, कारण त्यांना रोपांची तारीख विचारायची होती.

"रोपं तुमच्या नळावर अवलंबून आहेत," मॅडम म्हणाल्या आणि वेलांटीचं सगळं सांगितलं. त्यांनी एका कागदावर ते मांडूनही आणलं होतं, एका बाजूला पावती, दुसऱ्या बाजूला पडदा.

साहेबांनी कागद नीट वाचला. ते वाईट माणूस नव्हते. "पण मॅडम, अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर आहे. हे पाहा, कंपनीचं प्रमाणपत्र."

"आकड्यांची. ती शंभर टक्के असेल तरी माझी हरकत नाही."

"मग?"

"आकडा बरोबर वाचला आणि चुकीच्या घरात ठेवला. तुमच्या डॉक्टरने ताप बरोबर मोजून वजनाच्या रकान्यात लिहिला तर?"

साहेब हसले. "तुमचं म्हणणं मी वर पाठवतो. पण शीर्षक बदलायचं तर करारात दुरुस्ती लागते. करारात दुरुस्ती करायची तर परिषदेची बैठक लागते. आणि परिषद सध्या सत्काराच्या तयारीत आहे."

"कोणाचा सत्कार?"

"आदर्श करदात्यांचा. ज्यांच्या खात्यावर बकाया निरंक आहे अशांची यादी यंत्रानेच काढली. पहिला मान पाटीदारजींचा आहे."

भंवरलाल पाटीदार हे आमच्या वॉर्डाचे पार्षदपती. पार्षद, म्हणजे नगरसेविका, त्यांची पत्नी आहे, पण बैठकीला ते जातात, सही ती करते. बायपासवर त्यांचं पाटीदार गार्डन आहे, लग्नाचं. शिवाय उन्हाळ्यात त्यांचे पाण्याचे टँकर चालतात. गार्डन बांधल्यापासून त्याचा कर कोणी भरल्याचं कोणाला आठवत नाही, आणि आता ते आठवायची जागाही राहिली नव्हती.

"त्यांच्या पावत्या किती वाचल्या यंत्राने?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मॅडम, निरंक म्हणजे निरंक."

*

सात दिवसांनी नळ कापला. प्लंबरने पाइपला टोपी बसवताना तीन वेळा माफ करा म्हटलं. त्याच्या आईने मॅडमकडून कढीपत्त्याचं रोप नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी पाण्याचा टँकर मागवला, आणि टँकरबरोबर पाटीदारजी स्वतः आले. गाडीतून उतरून त्यांनी रोपांच्या रांगा पाहिल्या, एका करंजाच्या पानाला हात लावला.

"काय ऐकतोय मी, मॅडम? तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईच्या दारात ढोल? मला फार वाईट वाटलं. नेमाला म्हटलं मी, अरे, जरा तरी."

"टँकरचे किती?"

"दुसऱ्याला बाराशे. तुम्हाला अकराशे. शंभर माझ्याकडून छूट."

मॅडमनी अकराशे मोजून दिले. एका टँकरवर रोपं दोन दिवस निघणार होती. पावसाला महिना होता. दीड हजार रोपांचे जे पैसे नगरपालिका देणार होती ते सगळे पाटीदारजींच्या टाकीत जाणार होते, आणि तरी ते पुरणार नव्हते. त्यांनी वाळत चाललेल्या कडुनिंबाच्या रांगेकडे पाहिलं. त्या टोकाकडून रोपांची पानं उन्हाने आत वळायला लागली होती.

"पाटीदारजी, तुमचं अभिनंदन करायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आदर्श करदाते."

"अहो, ती लोकांची माया." पाटीदारजींनी हात जोडले. "शाल, श्रीफळ, आणि मोठा फोटो. फोटो बसस्टँडवर लागणार आहे."

"फोटोत हातात काय धरणार?"

"म्हणजे?"

"करदाता म्हटल्यावर हातात पावती हवी ना. नुसतं श्रीफळ धरलं तर लोकांना वाटेल, गृहप्रवेश आहे."

पाटीदारजी विचारात पडले. त्यांच्याकडे पावती नव्हती. हे त्यांना त्या क्षणापर्यंत कधी उणं वाटलं नव्हतं.

"या वर्षाचा कर मंचावरच भरा," मॅडम म्हणाल्या. "जूनच्या आत आहात. सूट मिळेल."

"किती छूट?"

"लवकर भरण्याची सहा टक्के. आणि स्वतः राहता ती इमारत असेल तर आधी निम्मी."

"निम्मी?" पाटीदारजींचा चेहरा उजळला. "गार्डनच्या मागे दोन खोल्या आहेत. मुहूर्ताच्या दिवसांत मी तिथेच झोपतो. म्हणजे राहतोच."

"ते तुम्ही भरून द्यायचं असतं. खरं-खोटं तुमच्या सहीवर. माझ्या घरात मी राहते, म्हणून मी सही केली. गार्डनचं मी काही म्हणणार नाही."

"मॅडम, तुम्ही फार सरळ आहात," पाटीदारजी गाडीत बसत म्हणाले. "म्हणून तुमच्या दारात ढोल वाजतो."

*

सत्कार नगरपालिकेच्याच इमारतीतल्या टाउन हॉलमध्ये झाला. पार्षद गीताबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि पाटीदारजी पहिल्या. नेमाजींनी पावतीयंत्र मंचावर आणलं. पाटीदारजींनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की पाटीदार गार्डन हे त्यांचं राहतं घर आहे. साठ हजारांची मागणी, त्यात निम्मी सूट, उरलेल्या तीस हजारांवर सहा टक्के. एकूण सूट एकतीस हजार आठशे, जमा अठ्ठावीस हजार दोनशे. आयुष्यात पहिल्यांदा कर भरून ते इतके हलके झाले, की भाषणात त्यांनी कर म्हणजे मातेचं दूध असं काहीतरी सांगितलं. फोटोत पावती श्रीफळाच्या पुढे होती.

मॅडम मागच्या रांगेत होत्या. बाहेर पडताना जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. रोशनी पडद्यासमोर उभी होती, खुर्चीवर मंचावरून परत आलेलं पावतीयंत्र ठेवलं होतं.

"सगळ्या पावत्या वाचायच्या असतात ना?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्या. आजच्या आजच." तिने पडदा थोडा वळवला. अवधी, बकाया शून्य, छूटी राशि ३१,८००, जमा राशी २८,२००. "आकडा जुळतोय, मॅडम."

"मग हिरवं दाब."

तिने दाबलं. हे दोन रुपये तिने आवडीने कमावले.

*

ढोलाची यादी दर सोमवारी यंत्र काढतं. पंचवीस हजारांच्या वर थकबाकी असलेली सगळी नावं, पत्त्यासह. यादी सरळ शिपायाच्या फोनवर जाते, मध्ये माणूस नको म्हणून. मध्ये माणूस असला की यादीतली नावं गळतात, असा आधीचा अनुभव होता.

त्या सोमवारी पाटीदार गार्डनमध्ये लग्न होतं, मुहूर्त दुपारचा. दाल-बाफल्याच्या पंगती उठत होत्या आणि वरात फाटकाशी येऊन थांबली होती. बँडवाले अजून पोचले नव्हते. नेमका तेव्हा बाबू आपला ढोल घेऊन आला. वरपक्षाला वाटलं, वधूपक्षाने पाठवला. वधूपक्षाला वाटलं, वरपक्षाने आणला. बाबूने पंधरा मिनिटांचं काम सुरू केलं आणि नवऱ्याचे मामा नाचायला लागले. कोणीतरी बाबूच्या पागोट्यात पन्नासची नोट खोचली.

मग भोंगा लागला.

"नाहरखेडा नगरपालिकेचे मोठे बकायादार श्री भंवरलाल पाटीदार यांनी," इथपर्यंत मामा नाचतच होते.

पाटीदारजी आतून धावत आले. "बंद कर ते. बाबू, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना, मालक. यादीत नववे आहात." बाबूचा हात थांबला नाही. "अजून अकरा मिनिटं."

"मी आदर्श करदाता आहे. बसस्टँडवर फोटो आहे माझा."

"पाहिला की. पावती हातात आहे तोच ना?"

"थांबवायचे किती घेशील?"

"बकायादाराकडून काही घ्यायचं नाही, असं सांगितलंय," बाबू म्हणाला. पागोट्यातली नोट वरपक्षाची होती, तिला हा नियम लागू नव्हता. "आणि मालक, सात दिवसांत भरलं नाही तर नळ कापतात. गार्डनचे दोन नळ आहेत ना? आणि टँकर भरायचा तिसरा."

वधूच्या वडिलांनी पाटीदारजींना बाजूला घेतलं आणि पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मुलीच्या लग्नाची आगाऊ रक्कम परत मिळेल का, असं हळूच विचारलं.

*

शीर्षक बदलायला करारात दुरुस्ती लागली नाही. बैठकही लागली नाही. पाटीदारजींनी मुख्याधिकाऱ्यांना फोन केला, त्यांनी कंपनीला केला आणि कंपनीतल्या कोणीतरी चहा संपायच्या आत तिसऱ्या रकान्याचं डोकं बदललं. सगळ्या खात्यांची बेरीज पुन्हा झाली. त्या दिवशी दुपारी आमच्या गावातले सगळे मोठे बकायादार एकदम नाहीसे झाले. यादीत एकही नाव उरलं नाही. ज्यांनी खरंच काही भरलं नव्हतं ते आधीही यादीत नव्हते, आताही नव्हते. बाबूला मात्र पुढच्या सोमवारी काम राहिलं नाही, आणि त्याने मॅडमना विचारलं, की यात त्याचा काय दोष.

"तुझा काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "रोपं उचलायला माणूस लागणार आहे. येशील?"

प्लंबर संध्याकाळी आला. टोपी काढायचे पाचशे रुपये. पुनर्जोडणी शुल्क, नियमाप्रमाणे.

"पण कापायलाच नको होता," तो स्वतःच म्हणाला.

"नियमाप्रमाणे तू मला पावती दे," मॅडम म्हणाल्या, "आणि त्यात छूट निरंक आहे, एवढं पाहून दे."

पाणी आलं. कडुनिंबाची एक रांग गेली होती, ती त्यांनी मोजली, बाजूला केली आणि उरलेल्या रांगांना नळी लावली.

दोन दिवसांनी नगरपालिकेचं पत्र आलं. रोशनीने ते स्वतः आणून दिलं, वाटेत घर होतं म्हणून. यंत्रानेच काढलेलं पत्र होतं, वर सिंहाचं चित्र, खाली कोणाचीच सही नाही. मॅडमनी चष्मा लावून ते वाचलं.

"अवधी दोन हजार पंधरा ते सव्वीस. बकाया निरंक. जमा बरोबर आहे." त्या थांबल्या. "रोशनी, तिसऱ्या रकान्याला आता काय नाव दिलंय हे?"

"सूट चालणार नाही म्हणाले, सूट म्हणजे कपडे वाटतात. छूट ठेवायची हिंमत कोणाची झाली नाही. नेमाजींनी फोनवरच एक शब्द सुचवला."

मॅडमनी पत्र तिच्यासमोर धरलं. माफी, ३१,२८४.

"बरीच आहे," रोशनी म्हणाली.

"अकरा वर्षांची आहे." मॅडमनी पत्राची घडी घातली. घराची फाईल निळी, पाण्याची हिरवी. नगरपालिकेकडून आलेली माफी ठेवायला त्यांच्याकडे फाईल नव्हती. तशी गरजच कधी पडली नव्हती.

"पाटीदारजींना पण असंच पत्र गेलंय," रोशनी म्हणाली. "एकतीस हजार आठशे. तुमच्यापेक्षा जास्त. ते फ्रेम करून गार्डनच्या दारात लावणार आहेत. राहत्या घराच्या दारात, म्हणायला पाहिजे."

"राहतं घर," मॅडमनी शब्द पुन्हा म्हणून पाहिला. "मग तिथे लग्नं लावता येणार नाहीत. परवाना लागतो." त्यांनी झारी उचलली. "राहत्या घरात लग्नं लागतात, असं कळवायला काही फॉर्म आहे का गं तुमच्याकडे?"

रोशनीने रोपांच्या मधली जागा पाहून पाय टाकला आणि दुसरी झारी घेतली. "नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "पण तुम्ही अर्ज लिहिलात तर मी हिरवं दाबेन."